स्प्रिंट रिव्ह्यूची डेमो यादी: बोर्डावरचं ‘डन’ आणि खरंच झालेलं काम

नव्याने स्क्रम टीममध्ये आलेल्या माणसाकडे पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच एक काम येतं: ‘उद्या रिव्ह्यू आहे, डेमोची यादी बनवून ठेव.’ काम सोपं वाटतं. बोर्डाच्या शेवटच्या रकान्यातली तिकिटं उचलायची, स्लाइडवर चिकटवायची, संपलं. पण त्या रकान्यात पूर्ण झालेल्या कामासोबत रद्द झालेलं, दुसऱ्या तिकिटात मिसळलेलं, मागच्या स्प्रिंटचं आणि अजून स्टेजिंगवर, म्हणजे डेमोच्या चाचणी सर्व्हरवर, न पोचलेलंही काम असतं. हे सगळं वेगळं काढणं म्हणजेच यादी बनवणं. मांडणी, रंग, लोगो यांना फार तर दहा मिनिटं द्या.

इथे उदाहरण म्हणून एक टीम धरू. अंधेरीत ऑफिस, कामाची तिकिटं ठेवायला जिरा वापरतात, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्सची बिलं, थकबाकी आणि पार्किंग सांभाळणारं अ‍ॅप बनवतात. स्प्रिंट बुधवारी सुरू होतो आणि पुढच्या पुढच्या मंगळवारी संपतो. त्या दिवशी चार वाजता रिव्ह्यू. रिव्ह्यूला प्रॉडक्ट ओनर, सेल्स आणि सपोर्टची माणसं असतात, शिवाय पायलट म्हणून अ‍ॅप वापरणाऱ्या बोरिवली आणि ठाण्यातल्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि खजिनदार ऑनलाइन येतात. यादी या शेवटच्या मंडळींसाठी आहे, हे आधीच डोक्यात ठेवा.

सोमवारी दुपारी: कच्ची यादी

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी दुपारी सुरुवात करा. मंगळवारी सकाळी बसलात तर जे अडेल ते सोडवायला वेळ उरत नाही. त्याआधी, म्हणजे गुरुवारी-शुक्रवारी, यादी काढण्यातही अर्थ नाही. निम्मी तिकिटं तेव्हा टेस्टिंगमध्येच असतात.

बोर्ड डोळ्यांनी चाळू नका, कारण बोर्डावर कुणीतरी लावलेला फिल्टर चालू राहिलेला असतो. सर्चमध्ये जाऊन हे टाका:

```
project = SOC AND sprint = "SOC Sprint 27"
AND statusCategory = Done
ORDER BY key
```

स्प्रिंटचं पूर्ण नाव अवतरणात लिहा. नुसतं `sprint = 27` लिहिलं तर जिरा त्याला स्प्रिंटचा अंतर्गत क्रमांक समजतो आणि भलत्याच टीमचा जुना स्प्रिंट समोर येऊ शकतो. `sprint in openSprints()` हेही चालतं, पण एकाच प्रोजेक्टवर दोन टीम असतील तर दोघींचे चालू स्प्रिंट एकत्र येतात.

आपल्या टीमच्या बाबतीत या शोधात १५ तिकिटं आली. ती पाहून ‘यावेळी काम दणक्यात झालं’ असं वाटेल. आता ती गाळायची.

पहिली चाळणी: जिराच्या आतच

१५ पैकी ३ सबटास्क आहेत. यूपीआयने मेंटेनन्स भरण्याची एक स्टोरी, तिचे तीन तुकडे: स्क्रीन, बँकेकडून येणाऱ्या उत्तराची नोंद, सभासदाला जाणारा मेसेज. हे तुकडे टीमच्या सोयीसाठी होते. रिव्ह्यूत एकच गोष्ट दाखवायची: पैसे भरले, पावती आली. सबटास्क यादीतून काढा, स्टोरी ठेवा.

पुढची २ रद्द झालेली. एक डुप्लिकेट म्हणून बंद केलं होतं, दुसरं प्रॉडक्ट ओनरने ‘नको’ म्हणून. दोन्हींचा स्टेटस ‘डन’च, कारण जिरात तिकीट बंद करायला बहुतेक टीमकडे तोच एक रस्ता असतो. फरक असतो तो रेझोल्यूशन या फील्डमध्ये. म्हणून शोध असा करायचा:

```
project = SOC AND sprint = "SOC Sprint 27"
AND statusCategory = Done
AND issuetype in standardIssueTypes()
AND (resolution is EMPTY
     OR resolution not in ("Won't Do", Duplicate))
ORDER BY key
```

यातला `resolution is EMPTY` हा भाग गाळू नका. नवीन माणूस हमखास इथे फसतो. फक्त `not in` लिहिलं तर ज्या तिकिटांचं रेझोल्यूशन रिकामं आहे तीही शोधातून गळतात. वर्कफ्लो नीट बसवलेला नसेल तर खरोखर झालेलं कामसुद्धा रेझोल्यूशनशिवाय ‘डन’मध्ये पडलेलं असतं. शोध एररही देत नाही, यादी गुपचूप छोटी होते. ओळखायची खूण सोपी आहे: दोन्ही शोधांचे आकडे वजा करा आणि गळलेलं प्रत्येक तिकीट का गळलं हे एका वाक्यात सांगता येतंय का पाहा. आपल्याकडे १५ वजा १० म्हणजे ५. तीन सबटास्क आणि दोन रद्द. हिशेब जुळला. तुमच्याकडच्या रेझोल्यूशनची नावं वेगळी असू शकतात, तेव्हा ती आधी एखाद्या बंद तिकिटावर उघडून बघा.

उरलेल्या १० मध्ये एक मागच्या स्प्रिंटचं निघालं. काम तेव्हाच झालं होतं, तिकीट मात्र मागचा स्प्रिंट बंद झाल्यावर आणि हा सुरू होण्याआधी ‘डन’मध्ये सरकवलं, आणि ते ओढलं गेलं या स्प्रिंटमध्ये. अशी तिकिटं शोधून सापडायला कठीण, पण जिराच्या स्प्रिंट रिपोर्टमध्ये स्प्रिंटच्या बाहेर पूर्ण झालेल्या तिकिटांचा वेगळा गट असतो. तिथे एक नजर टाका. त्याच रिपोर्टमध्ये काही क्रमांकांपुढे तारका दिसते. ती तिकिटं स्प्रिंट सुरू झाल्यावर मध्येच घुसवलेली. त्यांना गाळायचं नाही, पण ‘हे ठरलेल्यात नव्हतं, सपोर्टच्या तक्रारीवरून घेतलं’ एवढी टीप लिहून ठेवा. रिव्ह्यूत कुणीतरी विचारतंच.

राहिली ९.

दुसरी चाळणी: हात लावून बघायचं

इथपर्यंत जिराने सांगितलेलं आपण ऐकलं. आता जिराला बाजूला ठेवून प्रत्येक तिकिटाला दोन प्रश्न विचारायचे. जिथे डेमो होणार त्या सर्व्हरवर हा कोड आहे का? आणि तिकिटात लिहिलेली स्वीकाराची प्रत्येक अट तिथे खरंच पाळली जाते का?

पहिला प्रश्न. स्टेजिंगवर सध्या कोणता कमिट चालू आहे हे बहुतेक अ‍ॅपमध्ये एखाद्या व्हर्जन पानावर किंवा डिप्लॉयच्या लॉगमध्ये दिसतं. समजा तो `a81d07e`. आता SOC-318 चा, म्हणजे पावतीची पीडीएफ ईमेलने पाठवण्याच्या तिकिटाचा, कमिट शोधा, समजा तो `4f2c9ab` निघाला, आणि तो स्टेजिंगच्या पोटात आहे का ते बघा:

```
git fetch
git log --oneline origin/main --grep="SOC-318"
git merge-base --is-ancestor 4f2c9ab a81d07e \
  && echo "आहे" || echo "नाही"
```

उत्तर आलं ‘नाही’. डेव्हलपरने मर्ज केलं, कोड रिव्ह्यू झाला, तिकीट सरकवलं; पण शुक्रवार संध्याकाळचा डिप्लॉय अडकला होता आणि कुणी पाहिलं नाही. मुद्दाम कुणी लपवलेलं नसतं. ‘माझं काम झालं’ आणि ‘काम झालं’ यांच्यामध्ये हा डिप्लॉय राहून जातो. सोमवारी दुपारी कळलं तर डिप्लॉय आणि टेस्टिंग अजून होऊ शकतं. आपल्या उदाहरणात पीडीएफ बनवणारी सर्व्हिसच स्टेजिंगवर बसवलेली नव्हती, मंगळवारपर्यंत जमणार नव्हतं. SOC-318 बाहेर.

‘आहे’ असं उत्तर आलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. कमिट पोटात असतो, पण नंतरच्या दुसऱ्या कमिटने तो रिव्हर्ट केलेला असू शकतो. किंवा फीचर फ्लॅग फक्त टेस्टरच्याच खात्याला चालू असतो. म्हणून दुसरा प्रश्न: हाताने चालवून बघणं. हे तुम्ही करा, ज्याने कोड लिहिला त्याला करायला सांगू नका. तो नेहमीच्या वाटेनेच जातो आणि तिथे सगळं चालतंच.

SOC-321 घ्या. उशिरा भरलेल्या मेंटेनन्सवर व्याज लावायचं. तिकिटात चार अटी होत्या. तीन चालतात. चौथी अशी: सभासदाने अर्धी रक्कम भरली असेल तर व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. टेस्ट खात्यात ₹८,००० चं बिल, त्यातले ₹५,००० भरलेले, आणि व्याज मात्र पूर्ण ₹८,००० वर लागतंय. उरलेल्या ₹३,००० वर लागायला हवं होतं. टेस्टरच्या नोटमध्ये या अटीपुढे ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू’ असं लिहिलेलं. म्हणजे तिकीट पूर्ण नाही. स्क्रीन कितीही छान दिसत असली तरी नाही.

इथे दबाव येतो. प्रॉडक्ट ओनर म्हणेल, ‘चालतंय ना बऱ्यापैकी? दाखवून टाकू, अर्ध्या भरण्याचं कुणी विचारणार नाही.’ स्क्रम गाइड (२०२०) या बाबतीत स्पष्ट आहे: डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे काम पूर्ण धरण्यासाठी ठरलेल्या अटी, न पाळणारं काम रिलीज तर करता येत नाहीच, स्प्रिंट रिव्ह्यूत दाखवताही येत नाही, ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत जातं. पण नियमाचा दाखला देऊन वाद जिंकण्यापेक्षा कारण सांगा, ते लवकर पटतं. समोर ठाण्याच्या सोसायटीचे खजिनदार बसलेत. त्यांनी व्याजाची स्क्रीन पाहिली की त्यांच्या लेखी ते आलंच. संध्याकाळी कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पुढच्या बिलापासून व्याज आपोआप’ असा मेसेज जाईल. मग तीन आठवडे सपोर्टवाल्यांनी ‘अजून का नाही’ याची उत्तरं द्यायची. अपूर्ण कामावर मत हवंच असेल तर खजिनदारांशी बुधवारी वेगळा अर्ध्या तासाचा कॉल ठेवा. रिव्ह्यूत नको.

९ वजा २, राहिली ७. ही खरी झालेली.

सातपैकी चारच दाखवायची

झालेलं सगळं दाखवायलाच हवं असं नाही. आपल्या सातमध्ये एक डेटाबेसचा इंडेक्स आहे, एक लायब्ररीचं अपग्रेड आणि एक बिलावरच्या चुकीच्या तारखेची दुरुस्ती. यांना प्रत्येकी एक वाक्य पुरे: ‘३०० फ्लॅटच्या सोसायटीची थकबाकी उघडायला आधी वेळ लागायचा, आता लगेच उघडते.’ इंडेक्स कोणत्या रकान्यावर टाकला हे सेक्रेटरींना सांगू नका. आणि वेग सांगायचा असेल तर आधी आणि नंतर मोजलेले सेकंद जवळ ठेवा. मोजले नसतील तर आकडा उच्चारू नका.

उरलेली चार डेमोची: यूपीआयने भरणा, थकबाकीची यादी उतरवून घेणं, पाहुण्यांच्या गाडीची पार्किंग नोंद, मराठीतलं बिल. क्रम तिकीट क्रमांकाप्रमाणे लावू नका. स्प्रिंट गोल ‘सभासदाला घरबसल्या बिल बघून भरता यावं’ असा असेल तर मराठी बिल, मग भरणा, मग सेक्रेटरीकडे दिसणारी थकबाकी असा एक सलग प्रवास होतो. त्याच फ्लॅटचा, त्याच बिलाचा. पार्किंग शेवटी, कारण वेळ संपलाच तर तेच गळालेलं परवडतं.

वेळेचं गणित: एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी रिव्ह्यू जास्तीत जास्त चार तास, लहान स्प्रिंटला सहसा कमी. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला एक तास साधारण पुरतो. त्यात चार डेमोंना मिळून पंचवीसएक मिनिटं द्या, म्हणजे प्रत्येकी सहा. सुरुवातीची पाच मिनिटं गोल आणि काय राहिलं यासाठी. बाकी सगळा वेळ प्रश्नांचा. डेमो पाऊण तास चालला आणि बोलायला पाच मिनिटं उरली तर ते सादरीकरण झालं, रिव्ह्यू नव्हे.

यादीतली एक ओळ कशी दिसते

प्रत्येक डेमोसाठी एवढं लिहा: तिकीट क्रमांक, वापरणाऱ्यासाठी काय बदललं ते एका वाक्यात, कोण दाखवणार आणि तो नसला तर कोण, कोणत्या लॉगिनने, कोणता डेटा, किती मिनिटं, आणि शेवटी विचारायचा एक प्रश्न. SOC-305 ची ओळ बघा.

जिरातलं शीर्षक होतं ‘थकबाकी एक्स्पोर्ट एपीआय व बटण’. यादीत ते असं होतं: ‘सेक्रेटरींना विंगप्रमाणे थकबाकीची यादी आता स्वतः एक्सेलमध्ये उतरवता येते; आधी हिशेबनिसाकडे मागावी लागायची.’ डेव्हलपरला हे वाक्य लिहायला सांगितलं तर एपीआय पुन्हा घुसतो, म्हणून तुम्ही लिहा आणि त्याला वाचून दाखवा.

लॉगिन: सेक्रेटरीचं टेस्ट खातं. अ‍ॅडमिनचं नको, अ‍ॅडमिनला सगळंच दिसतं आणि परवानग्यांमधली चूक झाकली जाते. डेटा: बी विंग, २४ फ्लॅट, त्यातले ५ थकलेले, आणि त्या पाचांत एक अर्धं बिल भरलेला. ‘टेस्ट टेस्ट’, ‘asdf’ असली नावं काढून टाका. खजिनदार माणूस बेरीज तपासतो, त्याला खरी वाटणारी नावं आणि जुळणाऱ्या रकमा लागतात. मात्र खऱ्या सभासदांची नावं आणि फोन नंबर स्टेजिंगवर आणू नका. शेअर केलेल्या स्क्रीनवर एका सोसायटीचे थकबाकीदार दुसऱ्या सोसायटीला दिसले तर प्रकरण हाताबाहेर जातं.

पायऱ्या: थकबाकी उघडा, बी विंग निवडा, डाउनलोड दाबा, फाइल एक्सेलमध्ये उघडा. शेवटची पायरी गाळायचा मोह होतो, ‘फाइल आली बघा’ म्हणून पुढे जातात. पण गोची तिथेच असते. फाइल सीएसव्ही असेल आणि यूटीएफ-८ मध्ये सुरुवातीच्या बीओएम खुणेशिवाय लिहिलेली असेल, तर विंडोजवरच्या एक्सेलमध्ये डबल क्लिक केल्यावर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात. डेव्हलपरच्या एडिटरमध्ये तीच फाइल व्यवस्थित दिसते, म्हणून त्याला पत्ता नसतो. खजिनदार ज्या प्रकारच्या मशीनवर फाइल उघडणार, तशाच मशीनवर सोमवारी उघडून बघा.

प्रश्न: ‘ही यादी तुम्ही मीटिंगमध्ये छापून नेता की फोनवर बघता?’ एवढाच. ‘कसं वाटलं?’ विचारलं तर ‘छान’ हे उत्तर मिळतं आणि त्याचं काही करता येत नाही.

‘नसला तर कोण’ हा रकाना रिकामा ठेवू नका. जुलैमध्ये रुळांवर पाणी आलं की निम्मी टीम घरून जोडलेली असते आणि ज्याच्या लॅपटॉपवर सगळं सेट होतं तो कुर्ल्याला अडकलेला असतो. डेमो कुणाच्याही मशीनवरून चालला पाहिजे, म्हणून तो स्टेजिंगवरून, लोकल मशीनवरून नाही.

मंगळवार सकाळ

अकरा वाजता यादी गोठवा आणि चार वाजेपर्यंत स्टेजिंगवर नवा डिप्लॉय नको, हे टीमच्या चॅनलवर लिहून टाका. साडेअकराला एखादं तिकीट खरंच पूर्ण झालं तर ते स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेलंच आहे, तोंडी सांगा. पण डेमोत घालू नका.

मग चारही डेमो घड्याळ लावून एकदा चालवा. या फेरीत सापडणारी अडचण बहुधा ओटीपीची असते: टेस्ट खात्याला जोडलेला नंबर नेमका रजेवर असलेल्या टेस्टरचा. त्यानंतर पेमेंट. यूपीआयचा डेमो गेटवेच्या टेस्ट मोडमध्येच करा आणि तिथे यशस्वी भरण्यासोबत अयशस्वीही करून बघा, कारण ‘पैसे कापले आणि नोंद नाही झाली तर?’ हा सेक्रेटरींचा पहिला प्रश्न असतो. फेरीत भरलेलं बिल पुन्हा ‘न भरलेलं’ करून ठेवायला विसरू नका, नाहीतर चार वाजता भरायला बिलच उरत नाही.

आधीच लाइव्ह गेलेलं काम यादीतून काढू नका. रिव्ह्यू म्हणजे रिलीजची परवानगी नव्हे. मराठी बिल मागच्या गुरुवारीच लाइव्ह गेलं असेल तर उत्तम. किती जणांनी भाषा बदलली तो आकडा घेऊन या.

न झालेल्याचं पान

यादीच्या शेवटी एक छोटा भाग: जे ठरलं होतं पण झालं नाही. आपल्याकडे बोर्डाच्या मधल्या रकान्यांतली ३ आणि चाळणीत बाहेर पडलेली २, अशी ५. प्रत्येकापुढे काय अडलं ते लिहा. ‘८० टक्के झालं’ लिहू नका. उरलेले २० टक्के किती दिवसांचे हे त्यातून कळत नाही. ‘व्याज: अर्ध्या भरण्याचा हिशेब चुकतो, म्हणून थांबवलं’ हे कळतं. हे पान डेमोच्या आधी दाखवा, म्हणजे लोक व्याजाची स्क्रीन येईल म्हणून वाट पाहत बसत नाहीत.

SOC-318 आणि SOC-321 बोर्डावर ‘डन’मधून मागे घ्या, रिव्ह्यूच्या आधी आणि ज्यांची तिकिटं आहेत त्यांना सांगून. नाहीतर यादी एक सांगते आणि रिपोर्ट दुसरंच. मागे घेतल्यावर त्यांचे पॉइंट या स्प्रिंटमध्ये धरायचे नाहीत, अर्धेसुद्धा नाहीत. स्प्रिंट बंद करताना जिरा अपूर्ण तिकिटं कुठे पाठवायची ते विचारतो, तिथे सवयीने पुढचा स्प्रिंट निवडू नका. बॅकलॉगमध्ये पाठवा आणि पुढच्या प्लॅनिंगमध्ये प्रॉडक्ट ओनरला ठरवू द्या, कारण रिव्ह्यूत सेक्रेटरींनी कदाचित व्याजापेक्षा थकबाकीच्या आठवणीचा मेसेज आधी मागितलेला असेल. आणि स्टोरी ‘डन’मध्ये असूनही तिचा एखादा सबटास्क उघडा राहिला असेल तर जिरा स्प्रिंट बंदच करू देत नाही. तो सबटास्क नुसता सरकवू नका, आधी उघडून वाचा.